तीन दिवे लावले, तरी चेहरा सपाट का दिसतो?

कमी खर्चात शॉर्ट फिल्म करणाऱ्यांच्या सेटवर मला बहुतेक वेळा एकाच तक्रारीसाठी बोलावलं जातं. की लाइट, फिल लाइट, बॅक लाइट असे तिन्ही दिवे आकृतीत दाखवतात तसे उभे केलेले असतात, पण चेहऱ्याला उठाव येत नाही. जाऊन पाहिलं की दिवे ठीक असतात, जागाही साधारण बरोबर असतात. चुकलेलं असतं ते दिव्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण. एकाच पाकिटातले तीन बल्ब, तिन्ही माणसापासून सारख्याच अंतरावर, आणि वर छतावरची ट्यूब चालूच. अशा मांडणीत दिवे तीन असले तरी चेहऱ्यावर प्रकाश एकच दिसतो, सगळीकडून सारखा आलेला.

या बिघाडाची लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते कळेल.

लक्षणं

- दोन्ही गाल जवळजवळ सारखेच उजळ दिसतात. नाक, गालाचं हाड, जबडा यांचा आकार जाणवत नाही.
- नाकाची सावली दिसतच नाही, किंवा नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सावली पडते.
- डोळ्यांत दोन सारखेच तेजस्वी ठिपके दिसतात.
- मागच्या भिंतीवर माणसाच्या दोन-तीन सावल्या एकमेकींवर चढलेल्या असतात.
- काळे केस आणि गडद पार्श्वभूमी एकमेकांत मिसळून जातात.
- प्रसंग रात्रीचा आहे, पण चित्र भर दुपारच्या कार्यालयासारखं दिसतं.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या काहींना खर्च नाही आणि बऱ्याचदा काम तिथेच होतं. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील किंवा एक गाल पिवळा आणि दुसरा निळा दिसत असेल, तर तो वेगळा बिघाड आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

तपासण्यांआधी कोणता दिवा काय करतो ते थोडक्यात. की लाइट हा मुख्य दिवा, चेहऱ्याचा आकार तो घडवतो. फिल लाइट कीमुळे पडलेल्या सावल्या किती गडद राहतील ते ठरवतो. सावल्या पुसून टाकणं हे त्याचं काम नव्हे. बॅक लाइट मागून केसांच्या आणि खांद्यांच्या कडेवर पडतो आणि माणसाला पार्श्वभूमीपासून वेगळा काढतो. जमिनीवर घड्याळाची तबकडी आखली आहे असं समजा. माणूस मध्यभागी आणि कॅमेरा सहाच्या आकड्यावर. मग की चार आणि पाचच्या मध्ये, फिल सात-साडेसातच्या आसपास, आणि बॅक कीच्या बरोबर समोर, दहा आणि अकराच्या मध्ये. की डावीकडे हवा असेल तर सगळं उलटं करा.

१. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा

हे वाचून पुढे जाऊ नका, खरंच बटणं तपासा. छतावरची ट्यूब, शेजारच्या खोलीतून दारातून येणारा उजेड, पडद्याच्या फटीतून येणारं ऊन, चालू टीव्ही. आपल्या डोळ्यांना खोलीतल्या उजेडाची सवय झालेली असते, म्हणून हा प्रकाश लक्षात येत नाही. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र ती चौथी लाइट असते, वरून सगळ्या चेहऱ्यावर सारखी पसरलेली. तुम्ही सावली तयार करता आणि छतावरची ट्यूब ती भरून काढते. आपले तीन दिवेही बंद करा आणि कॅमेऱ्यातून पाहा. चित्र जवळजवळ काळं दिसलं पाहिजे. चेहरा ओळखू येत असेल, तर अजून कुठून तरी उजेड येतो आहे.

२. कॅमेऱ्याचं ऑटो बंद करा

फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांसाठी ही तपासणी फार महत्त्वाची आहे. चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात गेला की फोनला वाटतं चित्र काळं पडतंय, आणि तो एक्स्पोजर वाढवतो. शिवाय बऱ्याच फोनमध्ये व्हिडिओसाठीसुद्धा एचडीआर चालू असतं. ते गडद भाग उचलून उजळ करतं आणि उजळ भाग दाबतं. म्हणजे तुम्ही दिव्यांनी जो फरक निर्माण केलात, तो फोन परस्पर कमी करून टाकतो.

सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर बंद करा. मग चेहऱ्याच्या उजळ बाजूवर बोट दाबून धरा. आयफोनवर पडद्यावर AE/AF LOCK असं दिसतं, इतर फोनवर सहसा कुलपाचं चिन्ह येतं. त्यानंतर एक्स्पोजर खाली ओढा, उजळ गालावर त्वचेचा पोत दिसेपर्यंत. कॅमेरा असेल तर सरळ मॅन्युअल मोडवर जा. व्हाइट बॅलन्सही याच वेळी लॉक करा, नाहीतर नट हलला की रंग बदलत राहील.

दिव्यांच्या जागा बदलण्याआधी हे करणं गरजेचं आहे. ऑटो चालू असताना दिवा पुढे-मागे केलात तर फोनही आपलं एक्स्पोजर बदलतो, आणि फरक कशामुळे पडला ते कळायला मार्ग उरत नाही.

३. फक्त की लावून पाहा

फिल आणि बॅक बंद. फक्त की चालू ठेवा आणि नटाच्या नाकाची सावली कुठे पडते ते पाहा. ती तिरकी खाली, कीच्या विरुद्ध बाजूच्या ओठांच्या कोपऱ्याकडे जायला हवी. सावली नाकाखाली सरळ खाली पडत असेल तर की कॅमेऱ्याच्या फार जवळ आहे, बाजूला सरकवा. सावली आडवी गालावर जात असेल तर दिवा खूप खाली आहे. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडत असतील तर दिवा जास्त वर गेला आहे.

उंचीचा अंदाज असा: दिवा चेहऱ्यापासून आडव्या रेषेत एक मीटरवर असेल, तर तो डोळ्यांच्या पातळीपेक्षा साधारण ६० सेंटिमीटर वर ठेवा. म्हणजे प्रकाश सुमारे ३० अंशांतून उतरतो. तिथून हळूहळू वर नेत चला. लांबच्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण उरला, तर चेहऱ्याला छान खोली येते. चष्मा असेल तर काचेत दिवा दिसेल. अशा वेळी की आणखी थोडा वर आणि बाजूला न्यायचा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायच्या.

फक्त की असताना चेहरा चांगला दिसत नसेल, तर फिल आणि बॅक लावून तो सुधारणार नाही. याच पायरीवर थांबा आणि हे आधी जमवा.

४. फिलचं अंतर वाढवा

मी येईपर्यंत बहुतेक सेटवर फिल कीइतकाच जवळ असतो. इथे प्रकाशाचा एक साधा नियम उपयोगी पडतो. छोट्या उघड्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई राहतो. निम्मा हवा असेल तर अंतर १.४ पट करायचं. म्हणून मंद करायचं बटण नसलेल्या साध्या बल्बलाही ताकद कमी-जास्त करता येते, फक्त स्टँड सरकवून.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. प्रसंग असा, रात्री टेबलाशी बसून एक मुलगी पत्र वाचते आहे. की तिच्या उजव्या गालाकडून, फिल डावीकडून कॅमेऱ्याजवळ. दोन्ही दिवे सारखे, दोन्ही एक मीटरवर, आणि प्रत्येकाचा गालावर २०० लक्स उजेड. छतावरची ट्यूब आणि भिंतींवरून परतणारा प्रकाश मिळून १५० लक्स. फिल कॅमेऱ्याजवळ असल्यामुळे दोन्ही गालांवर पोहोचतो, हे लक्षात घ्या. मग उजव्या गालावर की, फिल आणि खोलीचा उजेड मिळून ५५० लक्स, आणि डाव्या गालावर फिल आणि खोलीचा मिळून ३५०. प्रमाण दीडपटीच्या थोडं वर. एवढा फरक पडद्यावर सपाटच दिसतो.

आता ट्यूब बंद केली. भिंतींवरून परतणारे ४० लक्स उरले. उजवीकडे ४४०, डावीकडे २४०. प्रमाण अजून दुप्पटही नाही. मग फिल दोन मीटरवर नेला. त्याचे २०० चे ५० लक्स झाले, आणि भिंतींचं परतणंही थोडं घटून ३० वर आलं. उजवा गाल २८०, डावा ८०. प्रमाण साडेतीनपट. एवढ्यानेच तिचा चेहरा रात्रीचा वाटू लागतो, डाव्या गालावर सावली असते आणि त्या सावलीत डोळाही दिसतो. नवीन काहीच विकत आणावं लागलं नाही.

हलक्याफुलक्या प्रसंगाला दुपटीच्या आसपासचं प्रमाण पुरतं. गंभीर किंवा रात्रीच्या प्रसंगाला तीन ते चारपट ठेवा. आठपटीच्या पुढे गेलात तर स्वस्त कॅमेऱ्यात सावलीची बाजू नुसती काळी आणि दाणेदार होते. उजेड मोजण्यासाठी लक्स दाखवणारं ॲप चालतं, पण सगळ्या फोनमधल्या सेन्सरचं वाचन अशा ॲपना मिळत नाही. मिळत असेल तर फोनचा पडदा गालाला समांतर धरून एकदा इकडे, एकदा तिकडे मोजा. आकडा अचूक नसला तरी दोन गालांमधलं प्रमाण कळतं. ॲप नसेल तर एक फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग गेले की फरक किती आहे हे डोळ्यांना लगेच दिसतं.

या बदलानंतर एकूण उजेड निम्म्यावर आला, त्यामुळे चित्रात दाणे दिसू शकतात. तसं झालं तर आयएसओ वाढवत बसण्याआधी की ७० सेंटिमीटरवर आणा. कीचा उजेड दुप्पट होईल. प्रमाणही वाढेल, म्हणून फिल थोडा पुढे घ्या.

५. फिलचा बल्ब काढून थर्माकोल ठेवा

फिल दूर नेल्यावरही नाकाची दुसरी सावली दिसत असेल, तर कारण फिलच्या आकारात आहे. उघडा बल्ब हा लहान स्रोत असतो आणि लहान स्रोताची सावली धारदार पडते. तो मंद केला तरी सावलीची कड तशीच राहते.

अशा वेळी मी फिलचा दिवा सरळ बंद करतो आणि त्या जागी साधारण एक मीटर लांबीचा पांढरा थर्माकोल उभा करतो. कीचा प्रकाश त्यावर आदळून सावलीच्या बाजूला परततो. मोठ्या पृष्ठभागावरून आल्यामुळे तो स्वतःची सावली पाडत नाही, आणि डोळ्यातला दुसरा ठिपकाही जातो. थर्माकोल जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. शिवाय त्याचा रंग आपोआप कीसारखाच असतो. नवख्यांनी फिलसाठी दिव्याआधी थर्माकोलच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. मोकळा झालेला बल्ब पार्श्वभूमीतल्या एखाद्या कोपऱ्यासाठी कामी येतो.

६. भिंतीपासून माणूस लांब घ्या

भिंतीवरच्या सावल्यांवर दिवे वाढवून उपाय होत नाही, प्रत्येक नवा दिवा आणखी एक सावली आणतो. नटाला भिंतीपासून दीड ते दोन मीटर पुढे बसवा. वरून येणाऱ्या कीची सावली मग भिंतीवर खाली आणि बाजूला, फ्रेमच्या बाहेर पडते. पार्श्वभूमीवरचा उजेडही कमी होतो आणि चेहरा आपोआप पुढे येतो.

लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत आणखी एक अडचण असते. फिल बंद असला तरी बाजूची भिंत स्वतःच फिलचं काम करते. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळी चादर किंवा काळा कपडा टांगा. जवळ टांगला तर परिणाम लगेच दिसतो, गालाची कड गडद होते. पांढऱ्या खोलीत रात्रीचा प्रसंग करायचा असेल तर हा कपडा मी गृहीतच धरतो.

७. बॅक लाइट तपासा

बॅकच्या दोन चुका सतत दिसतात. पहिली, दिवा थेट लेन्समध्ये घुसतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. काळे भाग करडे दिसू लागतात, आणि लोक ते सपाट चित्र फिलच्या नावावर खपवतात. ओळखायची खूण सोपी आहे. लेन्सच्या वर हात धरून तिच्यावर सावली पाडा. चित्र एकदम खणखणीत झालं तर दोष बॅकचा. दिव्याच्या पुढे पुठ्ठा लावून लेन्सकडे जाणारा प्रकाश तोडा.

दुसरी चूक म्हणजे दिवा इतका पुढे झुकलेला की नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर उजेड येतो. तो फक्त केस आणि खांद्यांवर राहील इतका मागे न्या. ताकद बेताची ठेवा. काळ्या केसांना जास्त उजेड लागतो, पांढऱ्या किंवा विरळ केसांना फार कमी. रात्रीच्या प्रसंगात कडेवर नुसती रेघ उमटली तरी पुरे.

८. की मऊ करा

आता प्रमाण जमलं आहे, पण सावल्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात आणि त्वचेवरचा प्रत्येक डाग उठून दिसतो. एलईडी बल्बच्या पुढे ३० ते ४० सेंटिमीटरवर, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा. कागद बल्बलाच चिकटवला तर फारसा उपयोग नाही, कारण उजळलेला भाग लहानच राहतो. सगळा कागद उजळला पाहिजे, कारण चेहऱ्यासाठी आता दिवा म्हणजे तो कागद. अर्धा मीटर रुंदीचा कागद एक मीटरवरून मऊ वाटतो. तीन मीटरवर नेला तर तोच पुन्हा कडक वाटू लागतो.

कागद उजेड खातो, म्हणून हे झाल्यावर चौथी तपासणी पुन्हा करा. आणि हे फक्त एलईडीसाठी आहे. हॅलोजनच्या पुढे ट्रेसिंग पेपर, कापड किंवा थर्माकोल जवळ नेऊ नका, पेट घेतो.

९. पट्टे सरकतात किंवा रंग जुळत नाहीत

इथे पैसे खर्च होऊ शकतात, म्हणून ही तपासणी शेवटी. वीज ५० हर्ट्झची असेल तर विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. यानेही गेले नाहीत तर बहुधा दिव्याचा डिमर कारण आहे. स्वस्त डिमर प्रकाश वेगाने चालू-बंद करून मंद करतात, आणि त्या वेगाचा विजेच्या वारंवारतेशी संबंध नसतो. डिमर पूर्ण उघडा आणि उजेड अंतराने किंवा कागदाने कमी करा.

गालांचे रंग वेगळे दिसत असतील तर बल्बवरचा केल्विनचा आकडा पाहा. ३००० पिवळसर, ६५०० निळसर. की आणि फिल एकाच आकड्याचे, शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. बॅकचा रंग वेगळा चालतो, कारण तो चेहऱ्यावर येत नाही. नवे बल्ब घ्यायचेच असतील तर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त असलेले घ्या. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंग नीट उमटत नाही, त्वचा मलूल किंवा हिरवट दिसते, आणि एडिटिंगमध्ये ते पूर्ण दुरुस्त होत नाही.

कुठे थांबायचं

छोट्या एलईडी बल्बचा विजेवर फारसा भार नसतो. तीन बल्ब मिळून ४० वॉटच्या आत राहतात. हॅलोजन वापरत असाल तर गणित करा. ५०० वॉटचे तीन म्हणजे १५०० वॉट. २३० व्होल्टवर ते साडेसहा अँपिअर घेतात, १२० व्होल्टवर साडेबारा. एक्स्टेंशनवर लिहिलेली मर्यादा आधी वाचा आणि वायर पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर भार आला की तापते.

प्लग किंवा वायर हाताला गरम लागली, जळका वास आला, सॉकेटमधून ठिणगी उडाली, स्टँडला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा एमसीबी पुन्हा पडला, तर शूटिंग थांबवा. शक्य असेल तर खोलीचा पुरवठा मुख्य बटणावरून बंद करा, त्या स्टँडला किंवा प्लगला हात लावू नका, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा एमसीबी बसवून काम पुढे रेटू नका, त्याने फक्त आग लागायच्या आधीची सूचना बंद होते.

नटाच्या डोक्यावर छताला दिवा टांगायचा असेल, पावसात किंवा पाण्याजवळ दिवे लावायचे असतील, किंवा जनरेटर लागणार असेल, तर सेटवरची प्रकाशयोजना सांभाळणारा अनुभवी गॅफर घ्या. ही कामं वरच्या यादीने होत नाहीत. आणि नवव्या तपासणीपर्यंत सगळं करूनही चेहरा सपाटच राहिला, तर त्याच मांडणीचे चार फोटो काढा: फक्त की, फक्त फिल, फक्त बॅक, आणि सगळे दिवे बंद. एक्स्पोजर चारही फोटोंत लॉक केलेलं असू द्या. हे चार फोटो गॅफरला दाखवलेत तर कोणता दिवा घोळ घालतो आहे हे त्याला सेटवर न येताही सांगता येतं.